शाडू आहे की नाही, हे रंग चढण्याआधीच बघा: सोलापुरातल्या घरगुती गणपतीसाठी

तीन वर्षांपूर्वी मी चतुर्थीच्या तीन दिवस आधी रस्त्याकडेच्या एका मांडवातून मूर्ती घेतली. पाटीवर ठळक अक्षरांत 'शाडू माती, नैसर्गिक रंग' लिहिलं होतं आणि भावही त्याला शोभेल असाच होता. अनंत चतुर्दशीला घरीच वीस लिटरच्या बादलीत विसर्जन केलं. दुसऱ्या दिवशी बाप्पा जसेच्या तसे. पाचव्या दिवशी पितांबराचा रंग भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा सुटून पाण्यावर तरंगत होता आणि आत पांढरीशुभ्र मूर्ती शाबूत होती. शाडूची नव्हतीच ती, प्लास्टर ऑफ पॅरिसची, म्हणजे पीओपीची होती.

तेव्हापासून मी मांडवातली रंगवलेली मूर्ती तपासायच्या भानगडीत पडत नाही. रंगाचे दोन हात बसले की अनुभवी माणूससुद्धा फसतो. तपासणी करायची ती कारखान्यात, मूर्ती कोरी असताना. म्हणजे आषाढात बाहेर पडायचं, फार तर श्रावणाच्या सुरुवातीला.

पीओपी विरघळत का नाही

हे एकदा समजलं की पुढच्या सगळ्या खुणा आपोआप कळतात. जिप्सम नावाचा खनिज दगड साधारण दीडशे अंशांवर भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि मागे राहते ती पीओपीची पूड. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की ती पाणी परत घेते, तिचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात आणि वीसेक मिनिटांत पुन्हा दगड होतो. हा दगड पाण्यात विरघळतो, नाही असं नाही, पण एका लिटरमध्ये जेमतेम अडीच ग्रॅम. माझ्या वीस लिटरच्या बादलीत फार तर पन्नास ग्रॅम विरघळले असतील. दीड किलोची मूर्ती पूर्ण विरघळवायला सहाशे लिटर पाणी लागेल, तेही ढवळत राहिलं तर.

शाडूचं गणित वेगळं. ती विरघळत नाही, ती सुटते. न भाजलेल्या मातीचे कण नुसते एकमेकांना चिकटून वाळलेले असतात. पाणी आत शिरलं की ते मोकळे होतात आणि खाली चिखल बसतो. हा चिखल हातात घेतला तर पुन्हा मळता येतो, त्याची वळी वळता येते. पीओपीचं एकदा दगड झालं की त्याची पुन्हा वळी होत नाही. खरी परीक्षा एवढीच आहे.

बाजारात पीओपी मिळते यात बेकायदा काही नाही, हेही लक्षात घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं पीओपीच्या विरोधात आहेत. पण जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली. बंधनं राहिली ती नैसर्गिक पाणवठ्यातल्या विसर्जनावर. त्यामुळे समोरची मूर्ती कशाची आहे हे ओळखायचं काम गिऱ्हाइकाकडेच आलं.

कारागीर शोधायचा कुठे

सोलापुरात मूर्तिकारांची वाण नाही. पूर्व भागातल्या कारखान्यांतून कर्नाटक-तेलंगणापर्यंत गाड्या भरून मूर्ती जातात. पण मोठ्या संख्येने, मोठ्या आकारात आणि लांबच्या प्रवासाला पाठवायचं तर पीओपीच परवडते, म्हणून कारखाना जितका मोठा तितकी तिथे शाडू मिळायची शक्यता कमी. शाडूवाला बहुधा घरच्या अंगणात किंवा पडवीत काम करणारा असतो आणि हंगामात त्याच्या मोजक्याच मूर्ती होतात.

मला दोन वाटांनी माणसं सापडली. पहिली वाट म्हणजे मातीचा व्यापारी. शाडू आपल्या भागात निघत नाही, ती बहुतेक गुजरातकडून पोत्यांत येते. मूर्तीचं सामान विकणाऱ्याला नुसतं विचारायचं, "फाल्गुन-चैत्रात शाडूची पोती कोण कोण नेतं?" खरा शाडूवाला उन्हाळ्याच्या आधीच माती भरून ठेवतो. तो व्यापारी नाव सांगताना हातचं राखत नाही, कारण त्यात त्याचाही धंदा असतो. दुसरी वाट म्हणजे कुंभार. पोळ्याला, काही गावांत बेंदराला, जो मातीचे कच्चे बैल करतो त्याचा हात न भाजलेल्या मातीवर बसलेला असतो. कुंभारवेशीत बैल घेता घेता चौकशी केली तर तो गणपतीही करतो का किंवा कोण करतं, हे कळतं. मला तिसऱ्या घरी एक काकू भेटल्या. त्यांच्याकडे वर्षाला साठ-सत्तर मूर्ती होतात, त्याही एक फुटाच्या आतल्या.

अंगणात शिरल्यावर आधी मूर्तीकडे बघू नका, आवार बघा. शाडूच्या घरी भिजत घातलेल्या मातीचा हौद किंवा पिंप असतं, मळलेल्या गोळ्यांवर ओलं गोणपाट असतं, मूर्तींवर ओलसर फडकी टाकलेली असतात. पीओपीच्या घरी पांढऱ्या पुडीची पोती, काथ्याचे पुंजके आणि रबरी साचे दिसतात. रंगाची फवारणी करायचा कॉम्प्रेसर दिसला तर डिंकातले रंग तिथे नाहीत असं धरून चालायला हरकत नाही. इथे एक गोष्ट मात्र चकवते. शाडूवाल्याकडेही पीओपीचे साचे असतात. पीओपी ओल शोषून घेते, म्हणून दाबून भरलेली शाडू साच्यातून लवकर सुटते. मी पहिल्यांदा तो पांढरा साचा बघून तोंड वाकडं केलं होतं. काकू हसल्या. म्हणाल्या, "साचा पांढरा आहे हो, गणपती नाही."

पेल्यातली परीक्षा

आता तुकडा मागायचा. चांगली मूर्ती फोडायला सांगायचं नाही. प्रत्येक कारखान्यात तुटका हात, निखळलेली सोंड, काढून टाकलेला पाट असं काहीतरी पडलेलंच असतं. मात्र हा तुकडा तुम्ही घेणार आहात त्याच घाण्यातला, म्हणजे त्याच वेळी मळलेल्या मातीचा असायला हवा. कारागिराला तसं सरळ सांगावं. काकूंनी मला एका उंदराचं धड दिलं, "घ्या की, हे गेलंच होतं." तुकडा द्यायला जो काचकूच करतो त्याच्याकडून मी मूर्ती घेत नाही. पुढचं काही बघत नाही.

घरी आणल्यावर लगेच पाण्यात टाकू नका. माती आतून ओलसर असेल तर ती उलट सावकाश सुटते आणि तुम्ही प्रामाणिक माणसावर उगाच संशय घ्याल. तुकडा दिवसभर कडक उन्हात ठेवा, पावसाळी हवा असेल तर दोन दिवस. मग हरभऱ्याएवढा खडा काचेच्या पेल्यात सोडा आणि हात न लावता बघत राहा.

खडा पाण्यात पडताच बुडबुडे येतील. बुडबुडे बघून खूश होऊ नका, पीओपीतूनही येतात, कारण तीही छिद्रांतून पाणी पिते. बघायचा तो आकार. शाडूच्या खड्याच्या कडा मिनिटा-दोन मिनिटांत ढासळायला लागतात, पापुद्रे सुटतात आणि दहाएक मिनिटांत पेल्याच्या तळाशी चिखलाचा छोटा ढीग उरतो. पीओपीचा खडा दुसऱ्या दिवशीही कडांसकट तसाच असतो.

आता पाणी ओतून द्या आणि तळाचा चिखल चिमटीत घ्या. तो गुळगुळीत, चिकट लागला आणि त्याची शेवईएवढी वळी झाली तर माती खरी. रव्यासारखे कडक कण हाताला लागले आणि ते नखानेच चुरडतात असं दिसलं तर मातीत पीओपी मिसळलेली आहे. मूर्ती लवकर घट्ट व्हावी, भेगा पडू नयेत म्हणून काही जण अशी मिसळ करतात आणि 'शाडूचीच आहे' असं सांगतात. ते अर्धं खरं असतं. तंतू निघाले तर घाबरायचं कारण नाही. मातीला धरून ठेवायला कापूस किंवा कागदाचा लगदा घालायची जुनी पद्धत आहे.

या परीक्षेला एक मर्यादा आहे. भट्टीत भाजलेली मूर्ती शंभर टक्के मातीची असूनही पेल्यात तशीच राहील. पणतीसारखा तांबूस रंग आणि टणक खणखणीत आवाज यावरून ती ओळखू येते. विसर्जनासाठी ती घेऊ नये, एवढंच. आणि एखादा कारागीर 'आपल्या सोलापूरच्या काळ्या मातीची' म्हणाला तर मूर्ती नीट न्याहाळा. आपली काळी माती पावसात फुगते आणि वाळताना आक्रसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात तशाच त्या मूर्तीलाही पडतात. ती माती नुसती वापरून नाकडोळे कोरलेली मूर्ती टिकवणं फार अवघड. दुसरी माती किंवा राख मिसळून कोणी करत असेल तर चांगलंच आहे, परीक्षा तीच.

कोऱ्या मूर्तीवर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. मूर्ती उलटी करायला सांगा. तळ राखाडी किंवा मळकट पांढरा असेल आणि आत बोटांनी माती दाबल्याचे ठसे असतील तर ठीक. आत पातळ, चुन्यासारखं पांढरं कवच आणि त्यातून डोकावणारा काथ्या असेल तर दुसरं घर बघा. दुसरी गोष्ट वजन. काकूंकडची अकरा इंची मूर्ती साडेतीन किलो भरली. माझी ती बादलीतली तेवढ्याच उंचीची मूर्ती दीड किलोची होती. शाडूच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात, म्हणून असा फरक पडतो. केसासारख्या बारीक भेगा शाडूवर असतातच, त्यावर रुसू नये. उलट अधांतरी पसरलेले हात, कागदाएवढे पातळ कान आणि तीन फूट उंची असं सगळं एकत्र दिसलं तर ते शाडूत कसं जमलं, हे विचारावं.

रंगाचं बोलणं

माती पटली की रंगावर या. इथे शब्दांचा खेळ जास्त चालतो. 'वॉटर कलर आहेत, एकदम नैसर्गिक' हे वाक्य तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. पाण्यात कालवता येतो म्हणून रंग झाडाचा होत नाही. ॲक्रेलिकही पाण्यात कालवतात, पण वाळल्यावर त्याचं प्लॅस्टिकचं पातळ कातडं होतं. माझ्या बादलीत तरंगत होतं ते हेच.

म्हणून 'रंग नैसर्गिक आहेत का' असं विचारू नका. 'पिवळा कशाचा, लाल कशाचा, निळा कशाचा' असं एकेक विचारा आणि प्रत्येकाची चिमूटभर पूड कागदात बांधून मागा.

पिवळा हळदीचा असेल तर धुण्याचा सोडा कालवलेल्या पाण्याचा थेंब टाकताच तो विटकरी लाल होतो. पोस्टर रंगाचा पिवळा तसाच राहतो. याच गुणामुळे हळदीचा रंग ओल्या चुन्याच्या हातावर बसत नाही, पितांबर लाल होऊन बसतं. म्हणून खाली खडूच्या पुडीचा पांढरा हात द्यावा लागतो. चुन्याच्या हातावर हळद लावतो म्हणणाऱ्याने ती कधी लावलेली नसते. हळदीऐवजी पिवडी, म्हणजे पिवळी माती, वापरत असतील तर ती जास्त टिकते. हळद उन्हात आठवड्याभरात उडते.

लालसाठी कुंकू आणि गेरू. आपल्या जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे कुंकू मिळायला अडचण नाही. पण दुकानात मिळणारं सगळंच कुंकू हळदीचं नसतं. चिमूटभर कुंकवावर लिंबू पिळा. हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची प्रक्रिया करून केलेलं कुंकू आंबटाने पुन्हा पिवळसर होतं. कृत्रिम रंग घातलेलं लालच राहतं. गेरूची परीक्षा आणखी सोपी. पेल्यात ढवळून तासभर ठेवा. गेरू तळाशी बसून वरचं पाणी बऱ्यापैकी नितळ होतं. पाणी लालभडक राहिलं तर त्यात रंग मिसळलेला आहे.

निळ्या रंगात सगळ्यात मोठी फसगत शब्दानेच होते. किराणा दुकानातली कपड्यांची नीळ आणि नीळ नावाच्या झाडाची नीळ यांचा आता काही संबंध उरलेला नाही. पहिली कारखान्यात तयार होते. झाडाची नीळ महाग पडते, म्हणून वनस्पतींच्या रंगांत काम करणारा कारागीर निळा फार थोडा वापरतो, शेल्याच्या काठापुरता. काळा दिव्याच्या काजळीचा करता येतो आणि डोळे आखायला तो उत्तम.

आता शेंदूर. देवाचा म्हणून आपण त्याला नैसर्गिक समजतो, पण बाजारातला शेंदूर बहुधा शिशाचा असतो. हरताळ आणि हिंगूळ ही तर जमिनीतून निघणारी खनिजं, पण एकात आर्सेनिक आणि दुसऱ्यात पारा. तेव्हा 'खनिज रंग आहेत, निसर्गातलेच' या उत्तरावरही थांबू नका. खनिजांत गेरू, पिवडी आणि खडू चालतात. केशरी हवा असेल तर शेंद्रीच्या बियांचा किंवा पळसाच्या फुलांचा. आणि सोनेरी रंग कुठल्याही झाडाला येत नाही. सोनेरी मुकुट हवा असेल तर तो धातूच्या किंवा अभ्रकाच्या पुडीचाच असणार, हे कबूल करून घ्यावं. आमच्याकडे मुकुट पिवडीचा करून घेतो. चमचमणारे, मोत्यासारखे झळाळणारे आणि अंधारात उठून दिसणारे रंग यांनाही हेच लागू.

सोलापूरकरांना एक रंग घरात फुकट मिळतो, तो डाळिंबाच्या सालीचा. काकू साली वाळवून उकळतात, गाळलेल्या पाण्यात तुरटी घालतात आणि मग थोडं थोडं सोड्याचं पाणी सोडतात. रंग फाटलेल्या दुधासारखा खाली बसतो. तो फडक्यात गाळून वाळवला की मातकट पिवळी पूड तयार होते. ही खटपट का, तर नुसतं रंगीत पाणी मातीवर लावलं तर माती ते पिऊन टाकते आणि फिकट डाग तेवढे उरतात. बीट, पालक यांचं पाणी काढून मूर्ती रंगवायला शिकवतात, त्याचं चौथ्या दिवशी हेच होतं. पूड झाली तर तो रंग मूर्तीवर बसतो.

पूड मातीवर धरून ठेवतो तो डिंक. बाभळीचा शंभर ग्रॅम डिंक चारशे मिली पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळायचा आणि त्यात पूड कालवायची. डिंक कमी पडला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर वाळताना ताणून पापुद्रे सोडतो. म्हणून डिंकातल्या रंगाची मूर्ती थोडी मॅट, थोडी खडबडीत दिसते. तिच्या मागच्या बाजूला ओला कापूस हलकेच फिरवला तर रंग कापसावर यायलाच हवा. नाही आला तर ॲक्रेलिक किंवा तैलरंग. आला म्हणजे झाडाचाच, असं मात्र नाही, पोस्टर रंगही येतो. म्हणून तर आधी पुड्या मागायच्या.

बुकिंग आणि मूर्ती आणण्याचा दिवस

भाव पीओपीच्या दीडपट ते दुप्पट असतो आणि रंग असे हवे असतील तर आणखी वर. निम्मे पैसे आगाऊ द्या. चिठ्ठीवर माती कशाची, पांढरा हात कशाचा आणि पिवळा-लाल कशाचा एवढं लिहून घ्या. आपण निवडलेल्या कोऱ्या मूर्तीच्या तळाला पेन्सिलने खूण करा. काकूंनी स्वतःच मला तळावर आडनाव लिहायला लावलं. म्हणाल्या, "नंतर तुमचा-आमचा वाद नको."

मूर्ती पुरती वाळायला सावलीत पंधरा दिवस तरी लागतात, पावसाची झड लागली तर जास्त. उन्हात ठेवली तर वरून वाळते, आतून ओली राहते आणि चिरते. चतुर्थीच्या आठवड्यात 'आजच सांगा, परवा शाडूची देतो' म्हणणाऱ्याकडे एक तर तयार माल असतो किंवा शाडू नसते. आणायला जाल तेव्हा तळाची खूण बघा आणि पाटाजवळ गडद डाग आहेत का तेही. गडद डाग म्हणजे आत ओल. अशा मूर्तीवर डिंकाला तिसऱ्या दिवशी बुरशी येते. तसं दिसलं तर मूर्ती आणखी चार दिवस तिथेच राहू द्या.

घरी ती खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा. दूर्वा-फुलांवर पाणी शिंपडताना मूर्तीवर उडू देऊ नका, थेंबाचा डाग पडतो. आमच्या आईला ही मूर्ती पहिल्या वर्षी 'फिकी' वाटली होती. तिच्या मते बाप्पाचं पितांबर झगझगीत पाहिजे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिने सोनेरी काठाचा कापडी शेला शिवला, तो विसर्जनाआधी काढून ठेवतो.

विसर्जनाला मी सिद्धेश्वर तलावापर्यंत जात नाही. माती खरी असली तरी शेकडो मूर्तींचा गाळ तळ्यातच बसतो. बादलीत पाणी आधी भरून मग मूर्ती हळूच टेकवायची, वरून पाणी ओतायचं नाही. गेल्या वर्षी रात्री साडेनऊला ठेवली. अकरापर्यंत कडा ढासळल्या होत्या आणि सकाळी बादलीत पिवळसर पाणी आणि खाली चिखल. पाणी निवळू दिलं, वरचं झाडांना घातलं आणि चिखल जुन्या साडीत बांधून टांगला. तो नुसता कुंडीत टाकू नका. शाडू इतकी बारीक असते की मुळांना हवा मिळत नाही. टाकायचाच तर वाळू आणि शेणखतात मिसळून, थोडा थोडा.

आम्ही टाकला नाही. वाळलेले गोळे दिवाळीनंतर काकूंकडे नेऊन दिले. त्यांनी एक गोळा हातात घेऊन फोडला, हुंगला आणि हौदात टाकला. या वर्षीच्या मूर्तीतून पाव किलोचे पैसे कमी करते म्हणाल्या.